‘माल तयार’चा निरोप आल्यावर गाडी कशी पाठवावी
एक्स-वर्क्स ऑर्डर देणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी

आमचा कारखाना भोसरी एमआयडीसीत आहे. ऑर्डरवर ‘एक्स-वर्क्स भोसरी’ लिहिलेले असते, तेव्हा माल तयार करून, पॅक करून आमच्या आवारात तुमच्या हवाली ठेवणे एवढे आमचे काम. गाडी, भाडे आणि वाटेतला विमा तुमचा. काटेकोर बोलायचे तर माल गाडीत चढवणेही तुमच्याकडेच येते. नेमके इथेच घोटाळे होतात, म्हणून हे पत्रक.

माल तपासून पॅक झाला की आम्ही ईमेल आणि व्हॉट्सॲप दोन्हीवर निरोप पाठवतो. हुबळीच्या एका ग्राहकाला पाठवलेला निरोप असा होता:

“तुमच्या ऑर्डरचा माल तयार आहे. बेस फ्रेम २ नग, प्रत्येकी १,१५० किलो, लांबी ४.६ मीटर. लाकडी पेट्या ३, प्रत्येकी १८० किलो. एकूण वजन २,८४० किलो. फ्रेमवर माल रचता येणार नाही. शुक्रवारपासून सकाळी १० ते दुपारी ४ या वेळेत लोडिंग होईल.”

या निरोपात ज्या दिवसापासून माल उचलता येईल असे लिहिलेले असते, त्या दिवसापासून मालाची जोखीम तुमच्याकडे जाते. आम्ही तो छपराखाली झाकून ठेवतोच, तरी विमा त्या दिवसापासून लागू असेल असे बघा. लोडिंग चालू असतानाचे नुकसान पॉलिसीत धरले आहे का, हेही विमा एजंटला विचारून घ्या. आणि गुरुवारी गाडी पाठवू नका. इथली साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, ड्रायव्हरला दिवसभर गेटबाहेर बसून राहावे लागते.

गाडी ठरवताना लांबी आधी, वजन नंतर

वरच्या निरोपातला २,८४० किलोचा आकडा पाहून बरेच जण १४ फुटी गाडी ठरवतात. वजन तिला झेपते. पण ४.६ मीटर म्हणजे १५ फूट १ इंच, म्हणजे फ्रेम फाळक्याबाहेर फूटभर येणार. फाळका उघडा ठेवून, माल बाहेर काढून गाडी न्यायला आम्ही देत नाही. ते नियमात बसत नाही, आणि मागून येणाऱ्या दुचाकीवाल्याच्या जिवावर बेतते. हुबळीच्या ग्राहकाची पहिली गाडी अशीच १४ फुटी आली आणि रिकामी परत गेली. दुसऱ्या दिवशी १७ फुटी आली, तेव्हा माल नीट बसला. म्हणून ट्रान्सपोर्टवाल्याला फक्त टनाचा आकडा सांगू नका, आमचा निरोप जसाच्या तसा पाठवा.

क्षमता बघायची झाली तर आरसीवरच्या एकूण वजनातून रिकाम्या गाडीचे वजन वजा करा. उरते तेवढाच माल भरता येतो. वाटेतून दुसऱ्याचा माल आधीच भरून आणलेला असेल, तर त्याचे वजनही यातूनच वजा होते.

कागद: गाडी गेटवर उभी राहिली की मगच

गाडी निघण्याच्या आदल्या दिवशी तुमच्याकडून आम्हाला तीन गोष्टी हव्यात: गाडीचा नंबर, ट्रान्सपोर्टरचा आयडी आणि माल उतरवण्याचा पूर्ण पत्ता. पत्ता मागण्यामागे कराचे कारण आहे. गाडी तुमची असली, माल भोसरीत तुमच्या ताब्यात गेला असला, तरी जीएसटीत पुरवठ्याचे ठिकाण माल जिथे पोहोचून थांबतो तेच धरतात. त्यामुळे हुबळीला जाणाऱ्या मालावर आयजीएसटी लागतो, कोल्हापूरला जाणाऱ्यावर सीजीएसटी आणि एसजीएसटी. “गाडी आमचीच आहे, पुण्याचाच कर लावा” असे सांगणारे फोन येतात, पण ते आम्हाला करता येत नाही.

टॅक्स इनव्हॉइस आणि ई-वे बिल आम्ही गाडी आवारात आल्यावरच काढतो. ऐन वेळी गाडी बदलणे हे या धंद्यात रोजचे आहे. दलाल सकाळी एक नंबर देतो, दुपारी दुसरीच गाडी दारात उभी असते. आधीच काढलेले ई-वे बिल रद्द करायला फक्त २४ तास मिळतात, म्हणून आम्ही आरसी डोळ्यांनी पाहून मगच भाग ‘ब’मध्ये नंबर भरतो. गाडी वाटेत बंद पडून माल दुसऱ्या गाडीत घ्यावा लागला, तर पुढे निघण्याआधी भाग ‘ब’ बदलून घ्यायचा. ट्रान्सपोर्टरला आयडी दिलेला असेल तर तो स्वतः बदलू शकतो. नंबर जुळला नाही तर तपासणी नाक्यावर गाडी अडते.

परराज्यात ५०,००० रुपयांवरच्या आणि महाराष्ट्रात १ लाखावरच्या मालाला ई-वे बिल लागते. मुदत साध्या मालासाठी दर २०० किलोमीटर किंवा त्याच्या भागाला एक दिवस अशी असते. हुबळी साधारण ४३० किलोमीटर, म्हणजे तीन दिवस. शुक्रवारी संध्याकाळी काढलेल्या बिलाचा पहिला दिवस शनिवारी मध्यरात्री संपतो, तिसरा सोमवारी. गाडी वाटेत दुसरा माल घ्यायला थांबणार असेल तर हा हिशेब लक्षात ठेवा.

ड्रायव्हरच्या हातात इनव्हॉइसची मूळ प्रत आणि ट्रान्सपोर्टरची प्रत, ई-वे बिल, पॅकिंग लिस्ट, टेस्ट सर्टिफिकेट आणि गेटपास असतो. बिल्टी ट्रान्सपोर्टवाल्याने द्यायची, तिची एक प्रत आमच्याकडे राहते.

लोडिंगच्या वेळी आम्ही काय बघतो

आमच्या शेडमधली क्रेन आम्ही ग्राहकांना वापरू देतो आणि ती चालवतोही आमचाच माणूस. मात्र एक्स-वर्क्समध्ये ते तुमच्या जोखमीवर होते. लोडिंग आमच्या जबाबदारीवर हवे असेल तर ऑर्डरमध्येच ‘लोडिंगसह’ लिहून घ्या. परदेशी व्यवहारात अशा वेळी एफसीए ही अट वापरतात.

पहिली क्रेन हलण्याआधी आम्ही हौदा बघतो. फळी मोडकी आहे का, खिळा वर आला आहे का, आदल्या फेरीचे सिमेंट किंवा मीठ सांडलेले आहे का. पावसाळ्यात ताडपत्री चार हातांनी उजेडाकडे धरतो, भोक असेल तर लगेच दिसते. दोन वर्षांपूर्वी एका ग्राहकाच्या गाडीची ताडपत्री आम्ही घडी न उलगडताच चालेल म्हणालो. जुलै होता. मशीनिंग केलेल्या फेसवर तेल लावलेले होते, वर प्लास्टिकही होते, तरी रात्रभर एकाच जागी पाणी ठिबकत राहिले आणि तळहाताएवढा तांबूस डाग पडला. तो फेस पुन्हा ग्राइंड करावा लागला. तेव्हापासून ताडपत्री उलगडल्याशिवाय आम्ही लोडिंग सुरू करत नाही, ड्रायव्हर घाई करत असला तरी.

फ्रेम थेट फळीवर न ठेवता लाकडी ठोकळ्यांवर ठेवतो. क्रेनचा बेल्ट खालून काढता येतो, उतरवताना पुन्हा घालताही येतो. बांधणीचा पट्टा कडेवर येतो तिथे रबराचा तुकडा घालतो, नाहीतर स्टीलची कड पट्टा कापते. बांधणी झाल्यावर फ्रेमला पहारीने बाजूने जोर देऊन बघतो. हलली, तर पट्टा पुन्हा आवळतो. पट्टे ड्रायव्हरने आणायचे असतात. हे त्याला आधी सांगा, कारण नुसत्या दोरावर १,१५० किलोची फ्रेम आम्ही सोडत नाही.

मग ड्रायव्हरसमोर नग मोजतो, नंबरप्लेटसह फोटो काढतो आणि पॅकिंग लिस्टवर त्याची सही, तारीख, वेळ घेतो. फोटो गाडी गेटबाहेर पडण्याआधी तुम्हाला पोहोचतात. तुमच्याकडे माल उतरवताना ते समोर ठेवा, आणि काही वेगळे दिसले तर बिल्टीवर तसा शेरा लिहूनच सही करा. कोरी सही केल्यावर ट्रान्सपोर्टवाल्याकडे किंवा विमा कंपनीकडे दाद मागणे फार अवघड जाते.