दूरदूरचे कळप एकाच वर्षी का घटतात : पार्श्वभूमी

कॅनडात लिंक्स या रानमांजराच्या कातड्यांच्या नोंदी फर-व्यापाऱ्यांनी एकोणिसाव्या शतकापासून ठेवल्या. त्यांत दिसणारा सुमारे दहा वर्षांचा चढउतार परिचित आहे. कोडं होतं ते वेगळंच: एकमेकांपासून फार लांब असलेल्या विभागांत तो एकाच सुमारास कसा येतो? सूर्यावरच्या डागांपर्यंत कारणं शोधून झाली होती. 1953 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मोरान या संख्याशास्त्रज्ञाने प्रश्नच पालटला. हवामानाला चक्र असायची गरज नाही, असं त्याने दाखवलं. चक्र प्राण्यांच्या आपसातल्या गणितातून येतं. हवामानाचे बेभरवशी धक्के ते फक्त एका तालात आणतात.

उदाहरण घेऊ. सरासरीपासूनचा फरक दरवर्षी निम्मा उरतो आणि त्यात त्या वर्षीच्या हवामानाची भर किंवा घट होते, असे दोन कळप माना. एक सरासरीहून 40 ने वर, दुसरा 40 ने खाली. हवामान दोघांना सारखंच असेल, तर त्यांच्यातलं 80 चं अंतर 40, 20, 10, 5 असं मिटत जातं. एकही प्राणी इकडून तिकडे न जाता दोन्ही कळप एकत्र चढउतरू लागतात. हवामान थोडंच जुळत असेल, तर कळपही तेवढेच जुळतात: हवामानाचा सहसंबंध, म्हणजे दोन्हीकडचं हवामान किती एकत्र बदलतं त्याचं माप, 0.6 असेल, तर कळपांचाही 0.6.

ही बरोबरी म्हणजे मूळचा ‘मोरान परिणाम’. तिला अटी आहेत: दोन्हीकडचं वाढीचं गणित सारखं हवं आणि ते रेषीय हवं, म्हणजे कळप लहान असो वा मोठा, त्याच धक्क्याचा परिणाम तेवढाच हवा. पुढे मात्र हवामानामुळे आलेल्या कुठल्याही समकालिकतेला हेच नाव लागलं. माझ्या मते ही सैल सवय महागात पडते, कारण मग मोजलेला सहसंबंध कशाचा पुरावा आहे तेच कळत नाही. प्राण्यांचं स्थलांतर किंवा फिरता शिकारीसुद्धा असाच ताल निर्माण करतो.

म्हणूनच स्कॉटलंडच्या पश्चिमेच्या सेंट किल्डा बेटांवरच्या रानटी मेंढ्या मोलाच्या. त्या बेटाबेटांत पोहून जात नाहीत, तिथे त्यांचा शिकारीही नाही. तरी दोन बेटांवरच्या संख्या बऱ्यापैकी एकत्र हलतात. सहसंबंध साधारण 0.7. पण 1998 च्या विश्लेषणात, तेवढ्यासाठी हवामानाचा सहसंबंध सुमारे 0.9 लागतो असं निघालं. कळप लहान असताना मार्चमधलं वादळ सोसून जातं. तो दाटला असेल तर चारा आधीच अपुरा असतो आणि तेच वादळ मोठी मर घडवतं. म्हणजे गणित रेषीय नाही, आणि दोन बेटांवर दाटी वेगवेगळी असेल त्या वर्षी धक्का एकच असूनही परिणाम दोन होतात. वाटेत ताल गळतो तो इथे.

अलीकडे चर्चा वळली आहे ती हवामान आणखी मोठ्या प्रदेशांत सारखं होऊ लागलं तर काय, इकडे. कारण शेजारच्या कळपातून येणाऱ्या प्राण्यांनी ओस पडलेली जागा पुन्हा भरते, ती शेजारी त्या वर्षी प्राणी शिल्लक असतील तरच.