शब्दांचं जुनं घड्याळ आणि नवं घड्याळ

बेळगावात भाषेवर बोलणं निघालं की आता ४५०० हा आकडा हमखास येतो. २०१८ मध्ये एक शोधनिबंध आला. त्यात २० द्राविडी भाषांच्या प्रत्येकी शंभर मूलभूत शब्दांवरून हे घराणं सुमारे ४५०० वर्षांपूर्वी फुटायला लागलं असावं, असा अंदाज मांडला होता. आमच्याकडे त्याचं लगेच ‘कन्नड ४५०० वर्षांची’ असं झालं. त्यावर दुसऱ्या बाजूने ठरलेलं उत्तर येतं, ‘ही तर मॉरिस स्वदेश या भाषाशास्त्रज्ञाची जुनी शब्दयादी, ती केव्हाच खोटी ठरली.’ मी निपाणीचा, घरी मराठी आणि बाजारात कन्नड बोलत वाढलो. या वादात दोन्ही बाजूंना पुरावा न बघता बोलताना ऐकलं की मला वाईट वाटतं. ग्लॉटोक्रोनॉलॉजी, म्हणजे शब्द बदलण्याचा एकच ठरलेला वेग धरून भाषांचं वय काढणं, आणि जीवशास्त्रातून आलेली, भाषांचे वंशवृक्ष मांडून वर्षं काढणारी फायलोजेनेटिक कालगणना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोघींच्या चुकाही वेगळ्या आहेत.

पहिली तुम्हाला वर्गात शिकवलेली असेल, म्हणून थोडक्यात सांगतो. स्वदेश यांची शंभर मूलभूत शब्दांची यादी घ्यायची. हजार वर्षांत कोणतीही भाषा त्यातले ८६ शब्द टिकवते असं धरायचं. दोन्ही भाषांनी आपापले ८६ टक्के टिकवले तर सामाईक सुमारे ७४ उरतात. म्हणजे ७४ शब्द जुळले तर फाटाफूट हजार वर्षांपूर्वीची आणि ५५ जुळले तर दोन हजार वर्षांपूर्वीची.

दोघींचीही सुरुवात शब्दयादीपासून होते, म्हणून गोंधळ होतो. खरा फरक घड्याळाचा वेग कुठून येतो यात आहे. जुन्या पद्धतीत तो आधीच ठरलेला होता. १३ भाषांवरून काढलेला दर जगातल्या प्रत्येक भाषेला लावला जायचा, आणि त्या १३ पैकी बहुतेक इंडो-युरोपीय होत्या. १९६२ मध्ये बर्गस्लँड आणि फोग्ट यांनी नेमकं यावरच बोट ठेवलं. आइसलँडिकने हजार वर्षांत फार थोडे शब्द बदलले आणि तिच्याच सख्ख्या बहिणीने, नॉर्वेजियनने, बरेच जास्त. घर एक असूनही वेग वेगळे, आणि तिथे ८६ चा आधार संपला.

नव्या पद्धतीत वेग आधी दिलेला नसतो, तो शोधायचा असतो. ‘डोळा’ या अर्थाला कन्नडमध्ये कण्णु, तेलुगूत कन्नु, तमिळमध्ये कण्. हे सगोत्र शब्द, म्हणजे एकाच मूळ शब्दातून आलेले, म्हणून तिघींना या रकान्यात १ मिळतो आणि ज्या भाषेत हा शब्द नाही तिला ०. असे शेकडो रकाने भरले की बेझियन गणित, म्हणजे शक्यता तोलणारं गणित, लाखो संभाव्य वंशवृक्ष चाळतं आणि जे या आकड्यांशी चांगले जुळतात त्यांना जास्त वजन देतं. प्रत्येक फांदीचा वेग वेगळा असू शकतो. शब्दांवरून फक्त फांद्यांची तुलनात्मक लांबी कळते, वर्षं कळत नाहीत. वर्षं येतात इतिहासातून माहीत असलेल्या काही खुणांवरून, म्हणजे अमुक दोन भाषा अमुक शतकापर्यंत वेगळ्या झालेल्या होत्या, अशा गोष्टींवरून. म्हणून आइसलँडिकचा आक्षेप या पद्धतीला तसाच्या तसा लागू होत नाही. १९६२ ची टीका उचलून २०१८ च्या निबंधावर टाकणारा माणूस निबंध न वाचता बोलतोय, असं मी सरळ समजतो.

पण वेग खुणांवरून निघतो, म्हणजे खुणा चुकल्या की सगळंच चुकतं. भाषाशास्त्रज्ञांचा जोरदार आक्षेप इथेच आहे, आणि तो समजायला मराठी माणसाला सोपं उदाहरण आहे. २००३ मध्ये ग्रे आणि अ‍ॅटकिन्सन यांनी इंडो-युरोपीय घराण्याची फाटाफूट ७८०० ते ९८०० वर्षांपूर्वीची काढली. २०१५ मध्ये चँग आणि सहकाऱ्यांनी याच जातीच्या माहितीवर एक अट घातली. वैदिक संस्कृत ही आजच्या भारतीय आर्य भाषांची आई, लॅटिन ही फ्रेंच-इटालियनची आई, अशा आठ जुन्या भाषांना त्यांनी पूर्वजांच्या जागी बसवलं. उत्तर सुमारे ६५०० वर्षांवर आलं.

एवढा फरक कशामुळे पडला? ‘पाणी’ घ्या. वैदिक भाषेत त्यासाठी आपः, उदक असे शब्द होते. आज मराठीत, हिंदीत, गुजरातीत आणि पंजाबीत ‘पानीय’वरून आलेला शब्द आहे. अट नसेल तर गणित म्हणतं, सगळ्या मुलींकडे ‘पाणी’ आहे, म्हणजे आईकडेही असणार. वैदिककडे नाही, म्हणजे ती आई नाही, मावशी आहे. प्रत्यक्षात हा बदल वैदिकनंतर झालेला असू शकतो, शेजारी शेजारी पसरत किंवा जागोजागी स्वतंत्रपणे. असे शब्द वाढले की गणिताने कल्पिलेली आई आजच्या मुलींसारखीच दिसू लागते. मग आईपासून मुलींपर्यंत बदल थोडाच झाला असं ठरतं, म्हणजे घड्याळ हळू, आणि हळू घड्याळाने मोजलं की मूळ फार मागे जातं. २०२३ मध्ये हेगार्टी आणि सहकाऱ्यांनी १६१ भाषा घेऊन ही अट नाकारली. लिहिलेली वैदिक भाषा आणि आपल्या भाषांची बोललेली पूर्वज भाषा एकच धरू नका, असं त्यांचं म्हणणं. त्यांचं उत्तर सुमारे ८१०० वर्षं. मला २०१५ चा युक्तिवाद जास्त पटतो, कारण चूक कुठे आणि कोणत्या दिशेने होते हे त्यात दाखवलेलं आहे. पण ‘पूर्णपणे तीच आई’ हेही मी म्हणणार नाही. प्राकृतांत असे जुने अवशेष आहेत जे वैदिकमधून निघत नाहीत.

दुसरा आक्षेप उसन्या शब्दांचा. आमच्याकडे मराठी शेतकरी रगत म्हणतो आणि कन्नड शेतकरीही रगत म्हणतो. हा शब्द संस्कृत ‘रक्त’चा, हे उघड आहे. कन्नडचा आपला शब्द नेत्तरु, तेलुगूत नेत्तुरु, जुन्या तमिळमध्ये नेय्त्तोर. आजच्या तमिळमध्ये मात्र इरत्तम रुळलाय, तोही ‘रक्त’चाच. यादी भरणाऱ्याने कन्नडसाठी बोलीतला रगत लिहिला, तमिळसाठी इरत्तम लिहिला आणि दोघांना सगोत्र ठरवलं, तर उसना शब्द वारसा म्हणून मोजला जाईल. दोन्ही भाषा खऱ्यापेक्षा जवळच्या दिसतील आणि फाटाफूट अलीकडची वाटेल. २००९ मध्ये ग्रीनहिल, करी आणि ग्रे यांनी कृत्रिम वंशवृक्षांवर उसनवारी घालून हेच तपासलं. झाडाचा आकार फारसा बिघडला नाही, पण तारखा अलीकडे सरकण्याकडे कल दिसला. म्हणून निबंध हातात आला की मी आधी शब्दयादी उघडतो. भरणाऱ्याने नेत्तरु लिहिलाय की रक्त, आणि उसना शब्द ओळखून बाजूला काढलाय की नाही, एवढं बघितलं तरी पुष्कळ कळतं. दुसरी तपासणी खुणांची. एकेक खूण काढून गणित पुन्हा चालवल्यावर मूळ हजार-दीड हजार वर्षं सरकत असेल, तर ती तारीख शब्दांची नाही, त्या एका खुणेची आहे.

राहिला ४५०० चा अर्थ. ती तारीख सगळं द्राविडी घराणं फुटायला लागल्याची आहे. त्या वेळी कन्नड नव्हती, तमिळही नव्हती. हल्मिडीचा कन्नड शिलालेख साधारण पाचव्या शतकातला. ती लिहिल्याची तारीख आहे, तिचा फाटाफुटीच्या तारखेशी सामना लावता येत नाही. आणि मराठी तर या यादीत नव्हतीच, ती दुसऱ्या घराण्यातली. निबंधातला पूर्ण निष्कर्ष ३००० ते ६५०० वर्षं असा पट्टा आहे. पट्टा सोडून नुसता ४५०० सांगणाऱ्याला मी दर वेळी मधेच थांबवून दोन्ही टोकं म्हणायला लावतो.