काटकोनी कोपऱ्यातील विभव प्रवाह

दोन सपाट भिंती काटकोनात मिळतात तिथे एका भिंतीला समांतर आलेला द्रायू वळून दुसऱ्या भिंतीलगत निघून जातो. द्रायूला श्यानता नाही, त्याची घनता बदलत नाही आणि प्रवाह अघूर्णी आहे असे मानले, तर या वळणाचे गणित अगदी नेमके सुटते. त्यालाच काटकोनी कोपऱ्यातील विभव प्रवाह म्हणतात.

आरंभबिंदू कोपऱ्यात घ्यावा आणि दोन्ही भिंती x व y अक्षांवर ठेवाव्यात. y-अक्षावरच्या भिंतीलगत पाणी कोपऱ्याकडे येते आणि x-अक्षावरच्या भिंतीलगत बाहेर जाते. z = x + iy मानून संमिश्र विभव F = ½kz² घेतले की वेगाचे घटक u = kx आणि v = −ky मिळतात. k हा प्रवाहाचा जोर सांगणारा स्थिरांक, एकक प्रतिसेकंद. x = 0 वर u शून्य आणि y = 0 वर v शून्य, म्हणजे पाणी कुठल्याच भिंतीतून आरपार जात नाही. अट एवढीच होती. कोपऱ्याचा कोन α असेल तर z चा घातांक π/α होतो. 90 अंशांसाठी तो 2 येतो म्हणून सगळे इतके सुटसुटीत आहे.

प्रवाहफलन ψ = kxy. ते ज्या रेषेवर स्थिर राहते ती प्रवाहरेषा, म्हणून प्रवाहरेषा xy = स्थिर अशा आयताकृती अपास्त असतात आणि भिंती म्हणजे ψ = 0 ची रेषा. वेगाचे मान kr आहे, r हे कोपऱ्यापासूनचे अंतर. ते दिशेवर अवलंबून नाही. त्यामुळे प्रत्येक कण कर्णरेषेपर्यंत मंदावत येतो आणि ती ओलांडली की तितक्याच वेगाने पुन्हा धावू लागतो.

उदाहरणादाखल पाणी आणि k = 4 घेऊ. आकृती आडव्या पातळीत आहे, म्हणजे गुरुत्वाचा हिशेब मध्ये येत नाही. x = 0.125 मी., y = 0.5 मी. इथून निघालेला कण x = 0.5, y = 0.125 इथे पोचायला (ln 4)/4, म्हणजे सुमारे 0.35 सेकंद घेतो. वाटेत (0.25, 0.25) या बिंदूवर त्याचा वेग सर्वांत कमी, सुमारे 1.4 मी./से. असतो. येणाऱ्या भिंतीला चिकटून निघालेल्या कणाची गोष्ट वेगळी. त्याचे अंतर y₀e⁻⁴ᵗ प्रमाणे घटत राहते, म्हणून तो कोपऱ्यात कधीच पोचत नाही.

दाब बर्नुलीच्या समीकरणातून येतो: p = p₀ − ½ρk²r², ρ ही द्रायूची घनता. कोपरा हा स्तब्धता बिंदू असून तिथला दाब p₀ सर्वांत जास्त असतो. समदाब रेषा कोपऱ्याभोवतीची पाव वर्तुळे होतात. बाहेर जाणाऱ्या भिंतीला दर 10 सेंमी.वर भोक पाडून उभ्या काचेच्या नळ्या लावल्या, तर कोपऱ्यातल्या नळीच्या तुलनेत पाण्याची पातळी 10, 20, 30, 40 आणि 50 सेंमी.वर अनुक्रमे 0.8, 3.3, 7.3, 13.0 आणि 20.4 सेंमी. खाली दिसेल. नळ्यांची टोके जोडली की पालथा अन्वस्त तयार होतो. कोपऱ्याजवळ तो जवळपास सपाट असतो, म्हणून तिथे नळी चार-पाच मिलिमीटर इकडेतिकडे लागली तरी फारसे बिघडत नाही, 50 सेंमी.वर मात्र एका सेंटिमीटरच्या चुकीने पातळीत सुमारे 8 मिमी. फरक पडतो. p₀ च्या तुलनेत या अर्ध्या मीटरवर दाबाची सरासरी घट 667 पास्काल, म्हणजे टोकाच्या 2,000 पास्कालच्या एक-तृतीयांश.

सूत्र दोन्ही भिंतींवर सारखाच दाब सांगते, पण खरे पाणी दोघींना सारखे वागवत नाही. बाहेर जाताना दाब पुढे पुढे उतरत जातो, त्यामुळे भिंतीलगतचा मंद सीमास्तर ओढला जाऊन चिकटून राहतो. येताना उलट, दाब चढत जातो. भिंतीजवळच्या घर्षणाने थकलेल्या पाण्याला तो चढ चढवत नाही, सीमास्तर भिंत सोडतो आणि कोपऱ्यात भोवरा बसतो. ओळखणे सोपे आहे: रंगाचा थेंब सोडला तर तो कोपऱ्यातच फिरत राहतो, आणि येणाऱ्या भिंतीवरच्या नळ्यांची पातळी सूत्राप्रमाणे वर चढायची सोडून अलीकडेच रेंगाळते. मुख्य प्रवाह मग भोवऱ्याला वळसा घालून जातो. त्याच्या दृष्टीने कोपरा आता गोलसर झालेला असतो.

येणारी भिंत काढून टाकली आणि तिच्या जागी सममिती-रेषा ठेवली, म्हणजे सपाट पृष्ठावर समोरून आदळणारा द्विमितीय प्रवाह घेतला, तर ही अडचण उरत नाही. त्याचे श्यानतेसह नेमके उत्तर हीमेन्झ यांनी 1911 मध्ये दिले. त्यात सीमास्तराची जाडी x बरोबर वाढत नाही, सगळीकडे सुमारे 2.4√(ν/k) राहते, ν म्हणजे श्यानता भागिले घनता; वरच्या उदाहरणात ती जेमतेम 1.2 मिमी. येते. तेवढा पापुद्रा वगळला की बाहेर u = kx आणि तोच पालथा अन्वस्त लागू राहतो.