ब्लड प्रेशरची गोळी हनुवटीच्या केसांपर्यंत कशी आली

नाशिकच्या कॉलेज रोडवर त्वचेच्या डॉक्टरांनी मुरुमांसाठी किंवा हनुवटीच्या केसांसाठी लिहून दिलेली स्पायरोनोलॅक्टोनची चिठ्ठी मेडिकलवाल्यापुढे धरली, की तो हमखास विचारतो, "बीपी कुणाला आहे?" त्याचं चूक नाही. अमेरिकेतल्या सर्ल कंपनीने १९६०च्या सुमारास ही गोळी आणली ती सूज आणि रक्तदाबासाठीच. गंमत म्हणजे पहिली गर्भनिरोधक गोळी, एनोविड, हीदेखील त्याच कंपनीची आणि त्याच काळातली.

पुढे ही गोळी घेणाऱ्या काही पुरुषांची छाती वाढू लागली. औषध पुरुषी हार्मोनची वाट अडवतं, हे त्यातून कळलं. १९७८मध्ये रक्तदाबासाठी ती घेणाऱ्या एका बाईच्या अंगावरचे जादा केस कमी झाल्याची नोंद प्रसिद्ध झाली, आणि गोळीला नवं काम मिळालं. मुरुमांसाठी मोठी, नीट बेतलेली चाचणी मात्र थेट २०२३मध्ये आली. ब्रिटनमधल्या या चाचणीत ४१० बायका होत्या. बाराव्या आठवड्याला फरक थोडाच होता, चोविसाव्या आठवड्याला जास्त स्पष्ट दिसला.

कंबाइंड पिल्स, म्हणजे दोन हार्मोन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या, यांचा मार्ग वेगळा. त्या अंडाशयात तयार होणारं पुरुषी हार्मोन कमी करतात आणि रक्तातलं उरलेलं बांधून ठेवणारं प्रथिन वाढवतात. स्पायरोनोलॅक्टोन हार्मोनला केसाच्या मुळाशी आणि तेलग्रंथीपाशी अडवते.

समजा, सातपूरला नोकरी करणारी, पीसीओएस असलेली २६ वर्षांची मुलगी आहे. जबड्यावर दुखरे मुरूम, हनुवटीला दर आठवड्याला थ्रेडिंग. बहुतेकदा आधी पिल्स सुरू होतात. तिसऱ्या महिन्यात नवे मुरूम कमी होतात, थ्रेडिंग मात्र तेवढंच राहतं. "काही उपयोग नाही" म्हणून इथेच कित्येकजणी गोळ्या सोडतात. एकदा जाड, काळा झालेला केस औषधाने गळत नाही. त्याचं चक्र संपून त्याच्या जागी येणारा केस बारीक असतो, आणि त्याला सहा महिने तरी लागतात. सहा महिन्यांनीही पुरेसा फरक नसेल तर स्पायरोनोलॅक्टोन जोडतात, बहुधा ५० मिलिग्रॅमपासून १०० पर्यंत. वर्षाच्या आसपास आठवड्याचं थ्रेडिंग दोन-तीन आठवड्यांवर जातं. उरलेल्या केसांना लेझर. थ्रेडिंगने केस जाड होतात ही निव्वळ समजूत आहे, लेझर सुरू होईपर्यंत ते चालू ठेवावं.

नुसती स्पायरोनोलॅक्टोन घेतली तर पाळी अनियमित होऊ शकते, शिवाय दिवस राहिल्यास मुलग्याच्या गर्भाच्या वाढीला धोका असतो. म्हणून जोडीला भरवशाचं गर्भनिरोधक हवंच. किडनीचा आजार असेल किंवा रक्तदाबाच्या काही गोळ्या चालू असतील, तर पोटॅशियम तपासावं लागतं. उलट, डोळ्यांपुढे चमकणाऱ्या रेषा येऊन अर्धशिशी उठणाऱ्या, पायात गुठळी होऊन गेलेल्या किंवा पस्तिशीनंतरही सिगारेट ओढणाऱ्या बाईला कंबाइंड पिल्स देत नाहीत.

औषध थांबवल्यावर काही महिन्यांत केस पुन्हा जाड होऊ लागतात, मुरूमही परतू शकतात. मूल हवं असेल तर थांबवण्याची वेळ डॉक्टरांशी बोलून आधीच ठरवावी लागते.