दारू पिणाऱ्याची कावीळ : एसजीओटी नका बघू, पीटी बघा

नाशिकमध्ये लॅबला काम करतो त्यामुळे हे कायम बघायला मिळतं, कावीळ झालेल्या माणसाचा रिपोर्ट हातात पडला की घरचे लोक आधी एसजीओटी-एसजीपीटी शोधतात, म्हणजे लिव्हरच्या पेशींना इजा झाली की रक्तात वाढणारी एन्झाईम. आकडा दोन हजार असला की तोंड उतरतं, दीडशे असला की "चला, फार नाहीये" म्हणून निघतात. पण माणूस रोजचा पिणारा असेल तर हा हिशोब सपशेल फसतो, कारण दारूमुळे होणारी जी सगळ्यात डेंजर कावीळ आहे तिच्यात हे आकडे कमीच येतात.

तिला डॉक्टर अल्कोहोलिक हिपॅटायटीस म्हणतात. आपल्याकडे सगळ्या काविळी एकाच नावाने ओळखल्या जातात, म्हणून पाण्यातून झालेली पोराची कावीळ आणि बापाची दारूची कावीळ यांना एकच पथ्य आणि एकच झाडपाला दिला जातो. पोराची बहुतेक वेळा आपोआप बरी होते (आणि श्रेय झाडपाल्याला जातं). बापाची होईलच असं नाही.

आधी लिव्हरचं काय होत जातं ते थोडक्यात. रोज भरपूर पिणाऱ्या जवळपास प्रत्येकाच्या लिव्हरमध्ये चरबी साठते, सोनोग्राफीत "फॅटी लिव्हर" येतं, त्रास काहीच नसतो. मग काहींच्यात सूज येते, सुजेनंतर चट्टे पडत जातात आणि शेवटी सगळं लिव्हर गाठीगाठीचं, कडक होतं, ते सिरोसिस. हे व्हायला बरीच वर्षं लागतात आणि सगळ्यांना होतही नाही, साधारण दहा जोरदार पिणाऱ्यांपैकी एक-दोन जण तिथपर्यंत जातात. म्हणूनच "अमका सत्तरीपर्यंत प्यायला, काही झालं नाही" हे उदाहरण प्रत्येक गल्लीत सापडतं. आता गंमत अशी की अल्कोहोलिक हिपॅटायटीस या जिन्यावरची ठरलेली पायरी नाही. तो मध्येच भडका उडाल्यासारखा येतो, आणि तो गंभीर होऊन येतो तेव्हा बहुतेकांच्या लिव्हरमध्ये सिरोसिस आधीच होऊन बसलेला असतो, फक्त कुणाला माहीत नसतो.

किती प्यायल्यावर धोका? डॉक्टर लोकांनी निदानासाठी जी व्याख्या ठरवलीये तिच्यात पुरुषाला दिवसाला ६० ग्रॅम आणि बाईला ४० ग्रॅमपेक्षा जास्त शुद्ध अल्कोहोल, असं सहा महिने किंवा जास्त. आता आपली चपटी घ्या. १८० मिली, ४२.८ टक्के, म्हणजे ७७ मिली अल्कोहोल, त्याचं वजन भरतं ६१ ग्रॅम. म्हणजे "मी काय, रोज एक क्वार्टर फक्त" म्हणणारा माणूस बरोब्बर त्या रेषेवर उभा आहे. स्ट्राँग बिअरची ६५० मिलीची बाटली, ८ टक्क्याची, ४१ ग्रॅम. आणि इथे नाशिकमध्ये एक खास समजूत ऐकू येते, की वाईन म्हणजे द्राक्षाचा रस, ती बाधत नाही. साडेबारा टक्क्याची ७५० मिलीची बाटली ७४ ग्रॅम, चपटीपेक्षा जास्तच. लिव्हरला द्राक्ष दिसत नाही, ग्रॅम दिसतात.

आता एक केस घेऊ. माणूस खरा नाही, पण असे रिपोर्ट आमच्याकडे येतात. समजा सातपूर एमआयडीसीतला चाळिशीचा फिटर, दहा-बारा वर्षं रोज क्वार्टर, पगाराच्या दिवशी जास्त. महिन्याभरापासून जेवण जाईना, मळमळ, त्यामुळे दारूही आपसूक कमी होत बंद झाली. बंद होऊन दोन आठवडे झाले आणि मग डोळे पिवळे झाले. इथेच घरचे चकतात, "दारू तर सोडलीये त्याने, मग हे दारूमुळे कसं?" उलट हेच टिपिकल आहे, माणूस आजारी पडतो म्हणून दारू सुटते आणि कावीळ मागून दिसते. शेवटचा पेग साठ दिवसांच्या आत असेल तर दारूचाच संशय आधी घ्यायचा. मग अंगात बारीक ताप, उजव्या बरगडीखाली दुखतंय, पोट फुगलंय, हातापायांच्या काड्या झाल्यात.

रिपोर्ट असा : बिलिरुबिन, म्हणजे डोळे पिवळे करणारं रंगद्रव्य, १४.२, एसजीओटी १६८, एसजीपीटी ६२, पांढऱ्या पेशी १७,०००, अल्ब्युमिन २.६. एसजीओटी हे एसजीपीटीच्या दुपटीहून जास्त आहे, हा दारूचा शिक्का समजा. व्हायरसच्या काविळीत दोन्ही शेकड्यांनी-हजारांनी वाढतात आणि एसजीपीटी सहसा वर असतं. दारूच्या काविळीत दोन्ही सहसा चारशेच्या आतच राहतात, आणि त्याचं एक कारण म्हणजे एसजीपीटी तयार व्हायला आणि चालायला बी-६ व्हिटॅमिन लागतं आणि सतत पिणाऱ्याच्या अंगात तेच कमी असतं. म्हणजे आकडा कमी आहे तो लिव्हर ठीक आहे म्हणून नाही. आणि आकडा चारशेच्या वर गेला तर डॉक्टर दुसरं कारण शोधतात, व्हायरस आहे का, टीबीची औषधं चालू होती का, एखादी जडीबुटी घेतली का.

मग गंभीर आहे की नाही हे कळतं कशावरून? दोन गोष्टींवरून, बिलिरुबिन आणि पीटी. पीटी म्हणजे रक्त गोठायला किती सेकंद लागतात. रक्त गोठवणारे प्रोटीन लिव्हर बनवतं, लिव्हर बसलं की सेकंद वाढतात. १९७८ साली मॅड्रे नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी याचं एक सोपं गणित मांडलं, त्याचंच थोडं बदललेलं रूप आजही वापरतात :

४.६ × (पेशंटचा पीटी − कंट्रोलचा पीटी) + बिलिरुबिन

कंट्रोल म्हणजे निरोगी माणसाच्या रक्ताला लागणारे सेकंद. आपल्या फिटरचा पीटी २४ सेकंद, कंट्रोल १३. फरक ११, गुणिले ४.६ म्हणजे ५०.६, त्यात १४.२ मिळवले की ६४.८. बत्तीस किंवा वर गेलं की गंभीर. गंभीर गटात उपचार न मिळालेल्या दहांपैकी साधारण तीन जण महिन्याभरात जातात, आणि ६५ म्हणजे बत्तीसच्या दुप्पट झालं.

आता याच्या शेजारी दुसरा माणूस ठेवा, बिलिरुबिन ९, पीटी १५, कंट्रोल १३. त्याचा स्कोर १८.२ येतो. हाही डोळ्याने पिवळाधमकच दिसणार, पण त्याचा धोका बराच कमी. नुसत्या पिवळेपणावरून फरक कळत नाही, पीटीवरून कळतो, आणि नेमकी हीच टेस्ट लोक "पैसे वाढतात" म्हणून वगळतात.

लॅबवाला म्हणून एक सांगतो, पीटीचं रक्त निळ्या टोपणाच्या ट्यूबमध्ये घेतात आणि ते खुणेपर्यंत भरलेलंच लागतं, कमी भरलं तर सेकंद खोटे जास्त येतात. आणि रिपोर्टवर नुसता आयएनआर, म्हणजे पीटीचंच गुणोत्तरात बदललेलं रूप, असेल तर हे गणित होत नाही, पेशंट आणि कंट्रोल दोन्हीचे सेकंद लिहून मागा.

स्कोर बत्तीसच्या वर असेल तर ॲडमिट व्हायलाच लागतं, पोटविकाराचा किंवा लिव्हरचा डॉक्टर असेल तिथे. पहिलं काम इन्फेक्शन शोधायचं. या आजारात नुसत्या सुजेनेही ताप येतो आणि पांढऱ्या पेशी वाढतात, त्यामुळे लघवी, रक्ताचं कल्चर, छातीचा एक्सरे, पोटात पाणी असेल तर सुईने काढून तपासणी, हे सगळं आधी. कारण औषध आहे ते स्टिरॉइड, प्रेडनिसोलोन रोज ४० मिलिग्रॅम, चालू द्यायचं तर २८ दिवस, आणि लपलेलं इन्फेक्शन स्टिरॉइडने भडकतं. शिवाय हे सगळ्यांना लागू पडतही नाही, म्हणून सातव्या दिवशी बिलिरुबिन पुन्हा बघून, वय, किडनीचं क्रिएटिनिन वगैरे घालून लिल नावाचा स्कोर काढतात. तो ०.४५ च्या खाली आला तर गोळ्या चालू, बराच वर गेला तर बंद, उगाच चालू ठेवण्यात फक्त इन्फेक्शनचा धोका. ब्रिटनमध्ये हजारावर पेशंटवर झालेल्या २०१५ च्या अभ्यासातही स्टिरॉइडचा फायदा झाला तर पहिल्या महिन्यापुरता, नंतर नाही. ज्यांना गोळ्या लागू पडत नाहीत त्यातल्या निवडक लोकांसाठी ट्रान्सप्लांट हा रस्ता आहे, तो खर्चिक आणि थोड्यांनाच मिळणारा.

ॲडमिट असो वा घरी, जेवण हे औषधाइतकंच मोठं आहे आणि आपण तिथेच घाण करतो. कावीळ म्हणून तेल-तूप बंद, डाळ बंद, अंडी बंद, फक्त उसाचा रस आणि फुटाणे. हा माणूस आधीच उपाशी आहे हो! त्याला दिवसाला किलोमागे ३५ कॅलरी आणि सव्वा ते दीड ग्रॅम प्रोटीन लागतं, म्हणजे साठ किलोच्या माणसाला २,१०० कॅलरी, ७५ ते ९० ग्रॅम प्रोटीन. तूप घातलेली मुगाची खिचडी, अंडी, पनीर, थोडं-थोडं पाच-सहा वेळा, आणि रात्री झोपताना काहीतरी खाऊनच झोपायचं कारण आजारी लिव्हरला रात्रभराचा उपासही झेपत नाही. झाडपाला मात्र पूर्ण बंद, २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी साध्या गुळवेलीने लिव्हरला इजा झालेले पेशंट छापलेत, आणि इथे तर लिव्हर आधीच आजारी.

घरी असताना माणूस दिवसा झोपायला आणि रात्री जागायला लागला, असंबद्ध बोलला, हात पुढे धरल्यावर पंजे फडफडले, काळी संडास किंवा रक्ताची उलटी झाली, लघवी कमी झाली, तर उद्यावर ढकलायचं नाही, १०८ ला फोन.

आता दारू सोडण्याचं. नुसती चरबी असेल तर पूर्ण बंद केल्यावर काही आठवड्यांत लिव्हर बऱ्यापैकी साफ होतं. गंभीर काविळीतून जो पहिले तीन महिने निघाला त्याचं पुढचं आयुष्य जवळपास एकाच गोष्टीवर ठरतं, परत प्यायला की नाही. पोटात पाणी झालेल्या सिरोसिसमध्येसुद्धा सोडणाऱ्यांत पाच वर्षं जगणारे चालू ठेवणाऱ्यांच्या जवळपास दुप्पट निघतात. काहींचं तर पाणी ओसरतं, ट्रान्सप्लांटच्या यादीतून नाव निघतं. "कमी करतो, फक्त बिअर" हे या आजारानंतर चालत नाही, कितीपर्यंत चालेल याची सेफ मर्यादा नाहीये. आणि फायदा लगेच दिसत नाही, बंद केल्यावरही एक-दोन आठवडे बिलिरुबिन वाढू शकतं, पूर्ण खाली यायला काही महिने जातात, या मधल्या काळात "सोडूनही काही फरक नाही" म्हणून बरेच जण परत बसतात.

फक्त रोजच्या पिणाऱ्याने घरच्या घरी झटक्यात बंद करू नये, सहा ते चोवीस तासांत थरथर, घाम सुरू होतो, कुणाला फिट येते, दोन-तीन दिवसांत भ्रम होऊ शकतो. डॉक्टरच्या देखरेखीत गोळ्या देऊन आणि बी-१ चं इंजेक्शन देऊन हे नीट निभावता येतं. आणि बायका-आया नवऱ्याच्या-मुलाच्या भाजीत चोरून कालवतात ती "दारू सोडायची गोळी", तिच्यात बहुतेक वेळा डायसल्फिराम असतं, ते स्वतःच लिव्हर बिघडवू शकतं आणि कावीळ झालेल्याला तर बिलकुल द्यायचं नाही. ओढ कमी करायला सिरोसिसमध्येही ज्याची चाचणी झालीये असं बॅक्लोफेन आहे, पण तेही डॉक्टरच्या हिशोबानेच, कारण जास्त झालं तर माणूस गुंगतो आणि ती गुंगी औषधाची की लिव्हरची हे कळत नाही.