चित्रीकरणासाठी वीजनियोजन

चित्रीकरणात वापरायचे दिवे, मॉनिटर आणि चार्जर यांना किती वीज लागेल आणि ती भिंतीवरच्या सर्किटमधून, जनरेटरमधून की बॅटरीतून घ्यायची, हे आधी ठरवून ठेवणे म्हणजे वीजनियोजन. एलईडी आल्यापासून दिव्यांची भूक बरीच कमी झाली. त्यामुळे ‘आता हिशेब कशाला’ असा समज पसरला आहे. दिवे एकाएकी बंद पडतात ते बहुतेकदा याच समजामुळे.

230 व्होल्टचे 16 अँपिअरचे सर्किट कागदावर 3,680 वॅट देते. ‘300 वॅट’ वर्गातले दिवे लावायचे असतील, तर साधा भागाकार 12 हे उत्तर देतो. ते फसवे आहे. दिव्याच्या नावातला आकडा अनेकदा फक्त एलईडीचा असतो; अंगभूत वीजपुरवठा आणि पंखा धरून तोच दिवा भिंतीतून सुमारे 350 वॅट ओढू शकतो. खरा आकडा मागच्या पट्टीवर छापलेला असतो, तोच धरावा. दुसरे म्हणजे, तासन्‌तास चालणारा भार सर्किटच्या क्षमतेच्या 80 टक्क्यांच्या वर नेत नाहीत. म्हणजे हाती उरतात 12.8 अँपिअर. पॉवर फॅक्टर म्हणजे प्रत्यक्ष वॅट भागिले व्होल्ट आणि अँपिअर यांचा गुणाकार. तो चांगला (0.95) असलेला 350 वॅटचा दिवा सुमारे 1.6 अँपिअर घेतो, म्हणून दिवे 12 नव्हे, 8. त्याच सर्किटवर दुसऱ्या खोलीतला फ्रिज असेल, तर तेवढेही नाहीत. कोणते सॉकेट कोणत्या एमसीबीवर, म्हणजे भार वाढल्यास आपोआप वीज तोडणाऱ्या स्विचवर आहे, हे एकेक एमसीबी बंद करून आदल्या दिवशीच पाहून ठेवावे. शेजारशेजारची दोन सॉकेटे म्हणजे दोन सर्किटे, असे मुळीच नसते.

पॉवर फॅक्टर हा शब्द कोरडा वाटतो, पण खरी मेख तिथेच आहे. स्वस्त एलईडी पॅनेलच्या वीजपुरवठ्यात तो सुधारणारी यंत्रणा नसेल, तर पॉवर फॅक्टर 0.55च्या आसपास उतरतो. मग 100 वॅटचे पॅनेल 0.43 ऐवजी 0.79 अँपिअर ओढते आणि वॅटच्या हिशेबाने 29 पॅनेल बसायला हवीत, तिथे 16च बसतात. वॅट तेवढेच राहतात, पण वायर तापते ती अँपिअरने.

दिवे संख्येने बरोबर असूनही एमसीबी पडतो, तेव्हा तो कधी पडला हे पाहावे. सगळे दिवे एका बटणाने लावताच पडला, तर बहुधा कारण सुरुवातीच्या झटक्याचे असते: वीजपुरवठ्यातले कपॅसिटर भरताना क्षणभर नेहमीच्या कित्येक पट प्रवाह ओढतात. बी प्रकारचा एमसीबी नेमून दिलेल्या प्रवाहाच्या 3 ते 5 पटींवर तत्काळ उघडतो, सी प्रकारचा 5 ते 10 पटींवर. दिवे एकेक करून लावले की प्रश्न सुटतो. वीस-पंचवीस मिनिटांनी पडला, तर भारच जास्त आहे. तो पुन्हापुन्हा वर करण्यापेक्षा एखादा दिवा दुसऱ्या सर्किटवर न्यावा. एक्स्टेन्शनची वायर रिळावर गुंडाळलेली ठेवून मोठा भार चालवू नये; आतल्या फेऱ्यांची उष्णता बाहेर पडत नाही आणि आवरण वितळू शकते.

जनरेटर केव्हीएमध्ये, म्हणजे हजार व्होल्ट-अँपिअरमध्ये मोजतात, म्हणून पॉवर फॅक्टर इथेही आडवा येतो. वरचे 8 दिवे 2,800 वॅट आणि चार्जर-मॉनिटर 400 वॅट धरले, तर 3,200 वॅट, म्हणजे 0.95 ने सुमारे 3.4 केव्हीए. तो तीन-चतुर्थांश भारावर चालावा असे धरले, तर साडेचार केव्हीएचा लागेल, आणि हा आकडा सलग चालण्याचा हवा, काही क्षण पेलण्याच्या कमाल क्षमतेचा नव्हे. उलट ती 16 स्वस्त पॅनेले 1,600 वॅटची असूनही एकटीच 2.9 केव्हीए मागतात. स्थिर व्होल्टेज आणि कमी आवाज यांसाठी इन्व्हर्टर प्रकारचा जनरेटर बरा. इंजिन स्थिरावल्यावर दिवे लावावेत आणि बंद करताना आधी दिवे, मग इंजिन. इंधन भरायचे ते इंजिन थांबवून, थोडे निवल्यावर. आवाज दाबायला जनरेटर खोलीत किंवा खिडकीखाली ठेवणे जिवावर बेतू शकते, कारण त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

बॅटरीवर दोन आकडे पाहावे लागतात. पहिला साठ्याचा: 14.4 व्होल्ट आणि 6.8 अँपिअर-तास म्हणजे सुमारे 98 वॅट-तास. 60 वॅटचा दिवा यावर कागदोपत्री 98 मिनिटे चालतो, प्रत्यक्षात सव्वा तास धरावा. थंडीत त्याहून कमी. दुसरा आकडा बॅटरी एका वेळी किती प्रवाह देऊ शकते याचा. मर्यादा 10 अँपिअर असेल, तर 144 वॅटच्या पुढचा दिवा पूर्ण प्रकाशावर चालणारच नाही, बॅटरी काठोकाठ भरलेली असली तरी. अशा वेळी दिवा लागतो, प्रकाश वाढवताच विझतो आणि दोष उगाच दिव्याला दिला जातो. प्रकाश निम्म्यावर आणला की वेळ जवळपास दुप्पट होतो. विमानप्रवासात 100 वॅट-तासांपर्यंतची बॅटरी सहसा विनापरवानगी हातसामानात नेता येते, 160 पर्यंत विमान कंपनीची संमती लागते; 98 हा आकडा इतक्या बॅटऱ्यांवर दिसतो तो यामुळेच.