इसबगोलाची फक्की मारू नका

शेजारचे काका ऐंशीच्या घरातले. रात्री झोपताना एक मोठा चमचा इसबगोलाची फक्की मारतात आणि वर दोन घोट पाणी. "झाडपाल्याचं औषध, त्याने काय होणार?" असं त्यांचं म्हणणं.

काय होणार ते पिठल्यातली गाठ सांगते. घाईत ओतलेलं बेसन गोळा होतं. गाठ वरून चिकट, फोडली तर आत कोरडं पीठ.

इसबगोलाच्या बियांची साल म्हणजे अरॅबिनोझायलान नावाच्या साखरेच्या लांब साखळ्या. मधल्या दोऱ्याला इतके फाटे फुटलेले असतात की आतड्यातले जीवाणू तो सहजी कुरतडू शकत नाहीत. या फाट्यांमध्ये पाणी अडकून बुळबुळीत लगदा तयार होतो. मोठं आतडं मळातलं पाणी शोषून घेत असतं, पण या लगद्यातलं पाणी त्याला सहज काढता येत नाही. म्हणून मळ मऊ आणि भरघोस राहतो. परिणाम दिसायला बारा तासांपासून तीन दिवसही लागतात. 'आतड्यातलं विष काढतो' हा मात्र मोबाइलवर फिरणारा फुकटचा दावा. तो काढत काही नाही, पाणी धरून ठेवतो, एवढंच.

हाच गुण अन्ननलिकेत उलटतो. कोरडी फक्की लाळेने भिजते, बाहेरचा थर फुगून चिकटतो आणि त्यातून पाणी आतल्या कोरड्या भागापर्यंत लवकर पोचत नाही. गोळा अडकला, की वरून प्यायलेलं पाणी त्याच्या डोक्यावर साचतं आणि बाहेरचा थर आणखी फुगतो. अशा घटनांमुळेच अमेरिकेच्या औषध नियामकांनी २००७ साली दाणेदार स्वरूपातली इसबगोलाची रेचकं बाद ठरवली.

हिशोब सोपा आहे : एक ग्रॅम भुशाला किमान ३० मिलिलिटर पाणी. मोठा चमचाभर भुसा अंदाजे पाच ग्रॅम, म्हणजे किमान १५० मिलिलिटर. मी पूर्ण पेला, २४० मिलिलिटर, धरतो. भुसा पाण्यात भुरभुरवत ढवळायचा, घट्ट व्हायच्या आत बसून प्यायचा. झोपताना नको, कारण आडवं झाल्यावर गिळलेलं खाली सरकायला वजनाची मदत मिळत नाही. गिळताना अडखळणाऱ्यांनी, म्हणजे पक्षाघात किंवा कंपवात झालेल्या अनेकांनी, तो घेऊच नये.

अडकलंच तर कुठे अडकलं ते आधी ओळखावं. माणसाला बोलता, खोकता किंवा श्वास घेता येत नसेल तर श्वासमार्ग बंद झालाय. पाठीत थापा, पोटावर वरच्या दिशेने झटके आणि लगेच १०८ ला फोन. बोलता येतंय, पण छातीत दाटलंय, लाळही गिळवत नाही, तर गोळा अन्ननलिकेत आहे. अशा वेळी आणखी पाणी किंवा केळं देऊ नये. तडक रुग्णालय गाठावं. तिथे दुर्बीण घालून तो काढतात.